फूल बाजूला ठेवा, देठ पाहा : आर्ट नूव्होची रेषा ओळखण्याची पद्धत

आर्ट नूव्हो या शैलीची ओळख करून देताना बहुतेक ठिकाणी फुले, वेली, मोकळ्या केसांच्या स्त्रिया, चतुर आणि मोर यांची यादी दिली जाते. ही यादी चुकीची नाही, परंतु तिच्या भरवशावर पाहायला निघालेला माणूस लवकरच गोंधळात पडतो, कारण फुले आणि वेली जगातल्या जवळजवळ प्रत्येक नक्षीकामात आढळतात. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या द्वारशाखांवर वेल आहे, पैठणीच्या काठावर आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या खांबांवर दगडात कोरलेली पानेही आहेत. यांपैकी एकही गोष्ट आर्ट नूव्हो नव्हे. या शैलीची खरी खूण विषयात नसून रेषेत आहे, आणि ती रेषा फुलातून नव्हे तर देठातून आली आहे. बेल्जियमचा वास्तुरचनाकार व्हिक्टर होर्टा याच्याविषयी असे सांगतात की, वनस्पतीतून काय घ्यावे असा प्रश्न आला की तो फूल आणि पान सोडून देई आणि देठ तेवढा उचलत असे. नव्याने पाहू लागणाऱ्याने हे एक सूत्र धरून ठेवले, तर भित्तिपत्रक, दागिना आणि इमारत या एकमेकांपासून इतक्या दूरच्या वस्तू एकाच शैलीच्या कशा, हे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

त्याआधी स्थळकाळाची थोडी नोंद. ही शैली प्रामुख्याने युरोपातली आणि साधारणपणे १८९० ते पहिले महायुद्ध या काळातली आहे. सिगफ्रीड बिंग या व्यापाऱ्याने डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिसमध्ये उघडलेल्या कलादालनाच्या नावावरून तिला ‘आर्ट नूव्हो’, म्हणजे ‘नवी कला’, हे नाव मिळाले. जर्मनीत तिला युगेंडस्टील म्हणतात आणि इटलीत स्टिले लिबर्टी. त्यामुळे संग्रहालयातील पाटीवर वेगळे नाव दिसले तरी वस्तू वेगळी समजू नये.

पहिली पायरी : रेषा हातात बसवणे

या पायरीसाठी ट्रेसिंग पेपर, मऊ शिशाची पेन्सिल आणि कंपास एवढेच लागते. कागदावर कंपासने एक मोठा कंस काढा. त्याच्या शेजारी, कारल्याचा किंवा दोडक्याचा वेल आधार शोधण्यासाठी जो बारीक तंतू पुढे टाकतो, तो समोर ठेवून जसाच्या तसा काढा. वनस्पतिशास्त्रात त्याला प्रतान म्हणतात. दोन्ही रेषा वाकड्या आहेत, परंतु त्यांचे वाकणे वेगळे आहे. कंसाची वक्रता सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच राहते. प्रतान मात्र बराच वेळ जवळजवळ सरळ जातो, मग हळूहळू वळू लागतो, आणि टोकाशी येताच घट्ट गुंडाळून घेतो. म्हणजे त्याची वक्रता सतत वाढत जाते आणि सगळा जोर शेवटी एकवटतो.

आसूड हवेत फिरवून एकदम मागे ओढला असता त्याच्या दोरीचा जो आकार होतो, तोही असाच असतो. म्युनिकमधील हेर्मान ओब्रिस्ट या कलावंताच्या आराखड्यावरून लोकरीच्या कापडावर रेशमी धाग्याने भरलेला एक पट १८९५ च्या सुमारास लोकांसमोर आला. विषय होता सायक्लामेन नावाचे छोटे फुलझाड. त्या पटावर झाडाचा एकच लांब देठ कळीपासून मुळापर्यंत असा फेकल्यासारखा मागेपुढे वळतो की, एका समीक्षकाने त्याची तुलना आसुडाच्या फटकाऱ्याशी केली. तेव्हापासून या रेषेला ‘आसुडाची रेषा’ असेच नाव पडले. पटाचे चित्र मिळवून त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पेन्सिल न उचलता फक्त तो देठ गिरवा. हाताचा वेग वळणापाशी आपोआप बदलतो, आणि तो बदल एकदा हाताला कळला की डोळ्यालाही पुढे ओळखता येतो.

यानंतर कोणत्याही वस्तूसमोर तीन प्रश्न विचारायचे आहेत. रेषा कुठून उगवते? वाटेत ती कोणते काम करते? आणि ती कुठे संपते? आपल्या कुयरीला हे प्रश्न लावून पाहिले तर फरक चटकन लक्षात येतो. कुयरीचे टोकही सुंदर वळते, परंतु ती बंद आकृती आहे आणि तिची रेषा फिरून स्वतःलाच येऊन मिळते. आर्ट नूव्होची रेषा उघडी असते. ती एका जागी उगवून दुसरीकडे निघालेली असते.

दुसरी पायरी : भित्तिपत्रक

सुरुवात भित्तिपत्रकापासून करावी, कारण तिथे रेषा सपाट कागदावर असते आणि गिरवता येते. मोराव्हियात जन्मलेला आल्फोन्स मुखा पॅरिसमध्ये प्रकाशात आला तो सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीच्या ‘जिस्मोंदा’ या नाटकाच्या भित्तिपत्रकामुळे, जे १ जानेवारी १८९५ रोजी शहराच्या भिंतींवर लागले. अभ्यासासाठी मात्र त्याने १८९६ मध्ये ‘जोब’ या सिगारेटच्या कागदाच्या कंपनीसाठी केलेली जाहिरात अधिक सोयीची आहे. तिची उंची सुमारे ६७ सेंटिमीटर आहे. डोळे मिटलेली, मान मागे टाकलेली एक स्त्री, हातात पेटलेली सिगारेट, वर मोठ्या अक्षरांत कंपनीचे नाव, आणि तिचे अवाढव्य केस, एवढेच त्यात आहे.

या चित्रात एकही वेल काढलेला नाही, आणि म्हणूनच ते नवशिक्यासाठी फार उपयोगी आहे. केसांची एक बट निवडा आणि कपाळाजवळून गिरवायला लागा. ती डोक्यापासून देठासारखी निघते, रुंद वळसा घेते, खाली उतरताना दुसऱ्या बटेखालून जाते आणि टोकाशी प्रतानासारखी वळून थांबते. खऱ्या केसांना वजन असते आणि ते खाली लोंबतात. हे केस वाढतात. वनस्पतीचे रूप न घेता वनस्पतीच्या वाढण्याची रीत घेणे म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट करून दाखवणारे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. सिगारेटचा धूरही तीच रेषा घेऊन वर जातो, पण ती रेषा बारीक आहे. आता दुसरा प्रश्न विचारा, ही रेषा काम कोणते करते? स्त्रीचे डोके मधल्या ‘ओ’ या अक्षराच्या पुढे येते, आणि केस व धूर मिळून चित्र आणि अक्षरे यांना एकत्र बांधतात. केस झाकून पाहिले तर खाली एक चित्र आणि वर एक पाटी, असे दोन वेगळे तुकडे उरतात.

बाह्यरेषेची जाडीही पाहावी. आकृतीच्या बाहेरच्या कडेला ती ठसठशीत आहे आणि आतल्या तपशिलांत नाजूक. याचे कारण छपाईत आहे. ही भित्तिपत्रके शिळाछापाची आहेत. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा, आणि रंग बहुतांशी सपाट. छायाप्रकाशाने गोलाई दाखवायची नसल्यामुळे आकार उभा करण्याची सगळी जबाबदारी रेषेवर येते. जपानी लाकूडठशांच्या चित्रांकडून युरोपने हा धडा घेतला होता, आणि बिंग हा मुळात जपानी वस्तूंचाच मोठा व्यापारी होता. योगायोग असा की याच वर्षांत राजा रविवर्मा यांचा छापखाना आधी मुंबईत आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला चालू होता, आणि तिथेही शिळाछापच होता. मात्र तिथे अनेक ठशांचा उपयोग तैलचित्राची गोलाई कागदावर आणण्यासाठी केला जात असे. एकच तंत्र दोन विरुद्ध हेतूंनी वापरले की किती वेगळे दिसते, हे मुखाचे चित्र आणि रविवर्म्यांची लक्ष्मी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे.

जुन्या वस्तूंच्या बाजारात या भित्तिपत्रकांच्या प्रती अनेकदा ‘मूळ’ म्हणून दाखवल्या जातात. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन एखादा फिकट रंगाचा भाग तपासावा. मूळ शिळाछापात रंग सलग असतो किंवा खडूने घासल्यासारखे अनियमित कण दिसतात. रंगीत ठिपक्यांची नियमित, फुलांच्या आकाराची जाळी दिसली, तर ती नंतरची ऑफसेट छपाई आहे. अभ्यासाला ती पूर्णपणे चालते, परंतु तिची किंमत मूळ प्रतीची नसते.

तिसरी पायरी : दागिना

रने लालिक या पॅरिसच्या जवाहिऱ्याने १९०३-०४ च्या सुमारास घडवलेली, केसांत खोवायची एक फणी अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कलासंग्रहालयात आहे. खाली शिंगाचे तीन दात, वर हस्तिदंताच्या एकाच तुकड्यातून कोरलेले ऑर्किडचे फूल, आणि फुलाच्या वर तीन लांबट पाने. दात आणि फूल यांना सोन्याची बिजागरी जोडते.

पाहणाऱ्याचे लक्ष फुलाकडे जाते, आणि तिथेच थांबले तर ही केवळ एक हुबेहूब नक्कल वाटते. फूल बाजूला ठेवून पाने पाहावीत. ती मीनाकारीची आहेत, परंतु आपल्या जयपुरी मीनाकारीसारखी तिला धातूची पाठ नाही. सोन्याच्या बारीक चौकटींमध्ये ओली काचपूड भरतात, खाली तात्पुरता आधार ठेवतात, भट्टीत सुमारे ७०० ते ८०० अंश सेल्सियसला काच वितळवतात आणि मग आधार काढून टाकतात. उरते ती फक्त चौकटीत धरलेली पारदर्शक रंगीत काच, चर्चच्या खिडकीसारखी. या फणीतील पाने फिकट मधाच्या रंगापासून करड्या हिरव्यापर्यंत जातात, आणि मधल्या पानाच्या शिरांत टोकाकडे लहान होत जाणारे हिरे बसवलेले आहेत.

इथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार सुंदर मिळते. पाठ नसलेली काच मोठ्या कप्प्यात टिकत नाही, थंड होताना तडकते किंवा निखळते. म्हणून पानाचे लहान लहान कप्पे करावेच लागतात. ते कप्पे कसे करायचे? लालिकने शिरा जिथून जातात तिथूनच सोन्याची तार नेली. खऱ्या पानात शिरा पातळ पात्याला ताणून धरतात, आणि इथेही त्या तेच काम करतात. नक्षी आणि बांधणी एकच झाली आहे.

दुसरी गोष्ट सामग्रीची. शिंग ही स्वस्त वस्तू, आणि लालिकने ती सोने आणि हिरे यांच्या शेजारी निःसंकोच बसवली, कारण तापवल्यावर शिंग मऊ होते, त्याला वळण देता येते आणि पातळ कडेतून थोडा प्रकाशही जातो. इथे दागिन्याचे मोल रत्नांच्या वजनावरून ठरत नाही. हिरे असले तरी शिरेची जाडी कमी होत जाते हे दाखवणे, हे त्यांचे काम आहे. छायाचित्र निवडताना मागून प्रकाश दिलेले निवडावे. समोरून प्रकाश टाकलेल्या छायाचित्रात ही पाने साध्या रंगकामासारखी मंद दिसतात आणि सगळा मुद्दाच हरवतो.

चौथी पायरी : इमारत

इमारतीसाठी ब्रसेल्समधील ओतेल तासेल हे घर घ्यावे. नावातील ‘ओतेल’ म्हणजे हॉटेल नव्हे, तर शहरातील श्रीमंताचे राहते घर. वर्णनात्मक भूमितीचे प्राध्यापक एमिल तासेल यांच्यासाठी होर्टाने ते १८९२-९३ मध्ये बांधले. होर्टाची चार घरे २००० साली जागतिक वारसा यादीत आली, त्यांत हे एक आहे.

आधी अडचण समजून घेतली पाहिजे. ब्रसेल्समधील घरे एकमेकांना चिकटून असतात. भूखंड अरुंद आणि खोल, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती, खिडक्या फक्त पुढे आणि मागे. आपल्याकडच्या जुन्या पेठांतल्या वाड्यांत राहिलेल्यांना हे लगेच कळेल, मधली खोली कायम अंधारी. आपल्या वाड्यांनी त्यावर चौकाचा उपाय काढला. थंड आणि पावसाळी ब्रसेल्समध्ये उघडा चौक परवडणारा नव्हता, म्हणून होर्टाने घराच्या मध्यभागी जिना घेतला आणि त्याच्यावर काचेचे छप्पर टाकले. वरून येणारा उजेड खालच्या मजल्यापर्यंत पोहोचायचा, तर मध्ये जाड भिंती आणि दगडी खांब नकोत. त्यामुळे लोखंड आले. लोखंडाचा खांब मनगटाएवढ्या जाडीच्या देठासारखा बारीक ठेवूनही भार घेऊ शकतो. कारखान्यांत आणि रेल्वे स्थानकांत दिसणारे हे लोखंड होर्टाने राहत्या घरात न झाकता उभे केले.

आता जिन्याच्या पायथ्याचे छायाचित्र समोर ठेवा आणि पेन्सिल जमिनीपासून सुरू करा. फरशीच्या रंगीत तुकड्यांच्या नक्षीत रेषा उगवते. तिथून ती भिंतीवरील रंगवलेल्या वळणांत चढते, जिन्याच्या लोखंडी कठड्यात पुढे जाते, आणि खांबाच्या माथ्यावर पोहोचल्यावर लोखंडी पट्ट्यांच्या रूपाने चारी बाजूंना सुटून वरच्या तुळईकडे झेपावते. फरशी गवंड्याची, भिंत रंगाऱ्याची, कठडा लोहाराचा, पण रेषा एकाच हाताची. पहिला प्रश्न आणि तिसरा प्रश्न यांची उत्तरे इथे एकदम मिळतात. रेषा जमिनीतून उगवते आणि उजेडाच्या दिशेने संपते, जसे कोणतेही रोप वाढते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रामाणिकपणे दिले पाहिजे. भार वाहण्याचे खरे काम खांब आणि तुळई करतात. माथ्यावरच्या वळणदार पट्ट्या मुख्यतः डोळ्यांसाठी आहेत. उभा खांब आडव्या तुळईला काटकोनात भिडतो तो सांधा त्या मऊ करतात आणि भार कोणत्या दिशेने जातो ते दाखवतात. सगळीच वळणे बांधणीची आहेत असे समजणे ही नवशिक्यांची एक नेहमीची चूक आहे.

लोखंडी काम पाहताना रेषेची जाडी तपासण्याची सवय लावून घ्यावी. लोहाराने पट्टी तापवून वाकवलेली असेल, तर तिची रुंदी बहुधा सगळीकडे सारखीच राहते. बीड ओतून केलेला भाग असेल, तर रेषा हवी तिथे फुगते आणि हवी तिथे निमुळती होते. ओतेल तासेलमधील वळणदार पट्ट्या पहिल्या प्रकारच्या आहेत. दुसऱ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९०० पासून एक्तोर गिमार याने पॅरिसच्या मेट्रोसाठी केलेली प्रवेशद्वारे. त्यांचे हिरव्या रंगाचे बिडाचे दांडे जमिनीतून निघून वर वाकतात आणि टोकाला कळीसारखा दिवा धरतात, आणि सांध्यापाशी देठाच्या पेरासारखे जाड होतात. गिमार १८९५ मध्ये ब्रसेल्सला जाऊन होर्टाचे काम पाहून आला होता. अशी शंभराहून अधिक प्रवेशद्वारे झाली, कारण साचा एकदा केला की तोच भाग पुन्हा पुन्हा ओतता येतो. होर्टाच्या घरांचे तसे नव्हते. तिथे दाराच्या मुठीपासून सगळे त्या एका घरासाठी घडवलेले असे, खर्च प्रचंड येई, आणि ही शैली वीसेक वर्षांत मागे पडली त्याचे हे एक मोठे कारण आहे. दुसरे कारण म्हणजे स्वस्त नकला. कोणत्याही कपाटावर आणि आरशावर वळणे चिकटवली जाऊ लागली, तेव्हा फ्रेंच लोक तिला शेवयांची शैली म्हणून हिणवू लागले.

ब्रसेल्सला जाण्याचा योग आलाच, तर होर्टाचे स्वतःचे घर पाहावे. ते १८९८ ते १९०१ या काळात बांधले गेले आणि आता संग्रहालय आहे. जिना चढताना कठड्यावर हात ठेवून रेषेचा वेग कुठे बदलतो ते पाहावे, आणि सर्वांत वर पोहोचल्यावर काचेच्या छपराखाली थोडा वेळ थांबावे.

पाचवी पायरी : मुंबईत पडताळणी

अनेक जण मरीन ड्राइव्हवरच्या इमारतींना आर्ट नूव्हो म्हणतात. त्या आर्ट डेको शैलीच्या आहेत, आणि प्रामुख्याने १९३० नंतरच्या. तिथेही वळणे आहेत, गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या आहेत, म्हणून गोंधळ होतो. पहिल्या पायरीतील कंपास इथे उपयोगी पडतो. गॅलरीच्या वळणाचे छायाचित्र समोरून किंवा वरून घेऊन गिरवले, तर ते बहुतेकदा कंपासच्या कंसावर तंतोतंत बसते. वक्रता सारखीच, वेग सारखाच. ते वळण जहाजाचे आणि मोटारीचे आहे, रोपाचे नाही.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची तपासणी जास्त नाजूक आहे. तिथले पानाफुलांचे कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेले आहे, ते पाहणीतून आलेले आहे आणि अत्यंत जिवंत आहे. तिथे कोणत्याही एका खांबासमोर उभे राहून तळापासून डोळा वर न्यावा. खांब सरळ वर जातो, त्याच्या अंगावर कोणतीही रेषा वाढत येत नाही, आणि मग माथ्यावर, ठरलेल्या पट्ट्यात, पाने सुरू होतात. पट्टा संपला की पानेही संपतात आणि कमान स्वतंत्रपणे सुरू होते. पानांना तिथे जागा नेमून दिलेली आहे. ओतेल तासेलमध्ये अशी नेमलेली जागा कुठेच नाही. हा फरक प्रत्यक्ष खांबासमोर एकदा दिसला की, घराजवळच्या एखाद्या जुन्या इमारतीचा लोखंडी कठडा किंवा खिडकीची जाळी पाहतानाही डोळा आपोआप आधी रेषेचे मूळ शोधू लागतो.